‘हा निबंध माझाच आहे’

या महिन्याच्या टपालात एका विद्यार्थिनीचे पत्र आले आहे. तिचे नाव, गाव आणि कॉलेज आम्ही गाळले आहे. बाकी मजकूर थोडा आटोपता करून देतो.

‘आपा, अस्सलामु अलैकुम. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूगोल. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकले. घरी आम्ही कोकणी-मराठी बोलतो. इंग्रजी मी फक्त पुस्तकातून शिकले. आम्हाला अंतर्गत गुणांसाठी इंग्रजीत ९०० शब्दांचा निबंध लिहायचा होता. मी आमच्या मोहल्ल्यातील उन्हाळ्याच्या पाणीटंचाईवर लिहिला. २२ घरांत जाऊन रोज किती हंडे पाणी मिळते ते विचारले. सहा दिवस मोबाइलवर टाइप करत होते. सरांनी निबंध एका वेबसाइटवर टाकला. तिने “८४ टक्के एआय” असे दाखवले. सरांनी शून्य गुण दिले. म्हणाले, चॅटजीपीटीकडून लिहून घेतले असे कबूल करून लेखी माफी दे, निबंध पुन्हा लिही, मग पास होण्यापुरते गुण देतो. भाईजान म्हणतात, माफी लिहून दे आणि विषय संपव. अब्बा म्हणतात, जे केले नाही त्याची माफी कसली? मी विभागप्रमुखांना द्यायला पत्र लिहिले आहे, सोबत पाठवते. बरोबर आहे का ते सांगा.’

असा प्रश्न आता अनेक घरांत येणार आहे, म्हणून या वेळचे सदर पूर्ण याच पत्राला देतो. माफीचे पत्र द्यायचे की नाही, हा प्रश्न आधी सोडवू.

भाईजानचा सल्ला प्रेमापोटी आहे, पण तो महाग पडेल. ‘मी यंत्राकडून लिहून घेतले’ असे सहीनिशी दिलेले पत्र म्हणजे कबुलीजबाब. ते कॉलेजच्या फाइलमध्ये राहते. उद्या पदव्युत्तर प्रवेशासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी याच सरांकडे शिफारस मागायची वेळ आली, तर त्यांच्यासमोर तो कागद असेल. पुढच्या सत्रात कोणी पुन्हा संशय घेतला, तर ‘हिने आधीही कबूल केले आहे’ हा पहिला पुरावा ठरेल. म्हणून जे केले नाही ते कबूल करायचे नाही. अब्बांचे म्हणणे योग्य आहे. मात्र नुसते ‘मी केले नाही’ म्हणून भागणार नाही. समोरच्याकडे एक आकडा आहे. तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घेतल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही.

८४ टक्के म्हणजे काय?

निबंध तपासणाऱ्या या वेबसाइटला डिटेक्टर म्हणतात. पुष्कळांची समजूत अशी असते की डिटेक्टर निबंध कोठून आला ते शोधून काढतो. तसे तो काही करत नाही. कोणी कोणत्या मोबाइलवर बसून काय लिहिले, याची त्याला काहीच खबर नसते. त्याच्यासमोर फक्त शब्द असतात आणि त्या शब्दांवरून तो अंदाज बांधतो.

‘सकाळी उठून अम्मीने चहाला आधण...’ एवढे वाक्य आम्ही अर्धवट सोडले, तर पुढचा शब्द ‘ठेवले’ असणार हे तुम्ही न बघता सांगाल. लिहिणारे यंत्र हेच करते. आधीचे शब्द पाहून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे, हे मोजत ते एकेक शब्द पुढे ठेवते. त्यामुळे त्याचे लिखाण सहसा अपेक्षित शब्दांचे असते, कोठे ठेच लागत नाही. डिटेक्टर याच्या उलट्या दिशेने जातो. हा मजकूर वाचताना पुढचा शब्द सहज ओळखता येत होता का, वाक्यांची लांबी सारखी आहे का की कोठे आखूड आणि कोठे लांब, हे तो पाहतो. सगळे फार अपेक्षित, फार एकसारखे निघाले, की ‘यंत्राने लिहिले असावे’ असा कौल देतो.

गोची येथेच होते. अपेक्षित शब्दांत आणि एकसारख्या वाक्यांत फक्त यंत्रच लिहिते असे नाही. परकी भाषा पुस्तकातून शिकलेला माणूसही तसेच लिहितो. आमच्या मुली इंग्रजी निबंध लिहितात तेव्हा त्यांच्याजवळ मोजके शब्द असतात आणि पाठ केलेले वाक्यांचे साचे असतात. चूक होऊ नये म्हणून त्या धोका पत्करत नाहीत, ओळखीच्या वाटेनेच जातात. बाईंनी शिकवले तसे प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात ‘पहिली गोष्ट’, ‘दुसरी गोष्ट’, ‘शेवटी’ अशी करतात. ही सावध, नीटनेटकी इंग्रजी डिटेक्टरला यंत्राची वाटते.

हा आमचा केवळ तर्क नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये याची तपासणी केली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी सात डिटेक्टरांना दिले. निबंध माणसांचेच होते, तरी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले. ९१ पैकी १८ निबंध तर सातही डिटेक्टरांनी एकमताने यंत्राचे म्हटले. अमेरिकेतील आठवीच्या मुलांचे निबंध मात्र याच डिटेक्टरांनी जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. मग संशोधकांनी आणखी एक प्रयोग केला. परक्या भाषेतील त्या निबंधांची शब्दयोजना त्यांनी चॅटजीपीटीकडूनच भारदस्त करून घेतली आणि पुन्हा तपासले. चुकीचा आरोप ६१ टक्क्यांवरून सुमारे १२ टक्क्यांवर आला! म्हणजे स्वतःच्या साध्या इंग्रजीत लिहिणारा सापडतो आणि यंत्राकडून शब्द सजवून घेणारा सुटतो.

चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआय कंपनीचाही अनुभव सांगण्यासारखा आहे. जानेवारी २०२३ मध्ये तिने स्वतःचा डिटेक्टर काढला. कंपनीने तेव्हाच जाहीर केले होते की तो यंत्राच्या १०० मजकुरांपैकी फक्त २६ ओळखतो आणि माणसाच्या १०० मजकुरांपैकी ९ चुकून यंत्राचे ठरवतो. त्याच वर्षी जुलैमध्ये, अचूकता कमी असल्याचे कारण देऊन, कंपनीने तो बंद केला.

९ टक्के चूक ऐकायला लहान वाटते. वर्गात मांडून पाहू. समजा एका कॉलेजात ६०० विद्यार्थी आहेत. त्यांतील १०० जणांनी यंत्राकडून लिहून घेतले आणि ५०० जणांनी स्वतः लिहिले. हा डिटेक्टर १०० पैकी २६ जणांना पकडेल. ५०० पैकी ९ टक्के, म्हणजे ४५ निर्दोष विद्यार्थ्यांनाही पकडेल. एकूण ७१ जणांवर आरोप येईल आणि त्यांतील ४५ जण, म्हणजे निम्म्याहून अधिक, खरे असतील. आजचे डिटेक्टर यापेक्षा सुधारले असतील, पण हिशेबाची रीत हीच राहते. स्वतः लिहिणारे संख्येने जास्त असतात, त्यामुळे चुकीचे प्रमाण थोडे असले तरी निर्दोष सापडतातच. विद्यापीठांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या टर्निटिनची निर्माती कंपनीसुद्धा सांगते की केवळ तिच्या एआय-आकड्यावरून विद्यार्थ्यावर कारवाई करू नये.

‘८४ टक्के’ याचा अर्थ ‘या मुलीने फसवले असण्याची शक्यता ८४ टक्के’ असा होत नाही. काही डिटेक्टर संशयास्पद वाटलेल्या मजकुराचे प्रमाण दाखवतात, काही स्वतःच्या अंदाजाची खात्री दाखवतात. शिवाय पुष्कळ शिक्षक या आकड्याची गल्लत वाङ्मयचौर्याच्या टक्केवारीशी करतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत चालते, त्यावर टप्प्याटप्प्याने शिक्षा आहे. पण ती टक्केवारी दुसऱ्याच्या लिखाणाशी असलेल्या साम्याची आहे. तिथे तुमचा परिच्छेद आणि मूळ पुस्तकातील परिच्छेद शेजारी ठेवून कोणालाही तपासता येतो. एआय-आकड्याच्या शेजारी ठेवायला असे मूळ काहीच नसते.

तिच्या पत्रातून काय काढले

आता तिने विभागप्रमुखांसाठी लिहिलेल्या पत्राकडे वळू. साडेतीन पानांचे आहे. मनातून लिहिले आहे, पण त्यातल्या तीन गोष्टी आम्ही काढायला सांगितल्या.

पहिली गोष्ट कसम. ‘कुरआनवर हात ठेवून सांगते’ असे तिने दोनदा लिहिले आहे. तिची कसम खरी असेल, आमचा तिच्यावर विश्वास आहे. पण विभागप्रमुखांना तपासता येईल असा कागद लागतो. कसम तपासता येत नाही आणि खोटे बोलणाराही ती घेऊ शकतो.

दुसरी गोष्ट एक वाक्य : ‘मी हिजाब घालते म्हणूनच माझ्यावर संशय घेतला.’ असे वाटणे समजण्यासारखे आहे. पण तिच्याच पत्रात पुढे आहे की त्याच दिवशी आणखी तिघांना शून्य मिळाले आणि त्यांत दोन मुलगे आहेत. मग हे वाक्य टिकणार नाही. शिवाय त्याने भांडण निबंधावरून उठून सरांच्या हेतूवर जाईल, आणि हेतू सिद्ध करण्याचे ओझे तिच्यावर येईल. भेदभावाचा पुरावा खरोखर असेल तर त्याची तक्रार वेगळी, पुराव्यासह करायची. या पत्रात ती मिसळायची नाही.

तिसरी गोष्ट : आणखी पाच वेबसाइटवर निबंध टाकून तिने ‘० टक्के’, ‘१२ टक्के’ असे निकाल जोडले होते. पाचही मुख्य पुरावा म्हणून देऊ नयेत. आमचे म्हणणे जर ‘हे आकडे भरवशाचे नाहीत’ असे आहे, तर आपल्या सोयीचा आकडा तेवढा भरवशाचा कसा? एकाच मजकुराला दोन ठिकाणी ८४ आणि ० मिळतात, एवढे दाखवण्यापुरते एक पान पुरे.

एक गोष्ट मात्र पत्रात नव्हती आणि ती घालायला सांगितली. आम्ही तिला फोनवर विचारले, कोणतेही साधन वापरले होते का? थोडे थांबून ती म्हणाली, स्पेलिंग दुरुस्त करणारा कीबोर्ड होता आणि दहा-बारा उर्दू शब्दांचे इंग्रजी गुगल ट्रान्सलेटवर पाहिले. हे आपणहून आधी सांगायचे. चौकशीत नंतर बाहेर आले तर बाकी सगळे खरे असूनही संशय येतो. आणि कॉलेजने निबंध देताना अशा मदतीला मनाई केली नव्हती, हेही सूचनेच्या प्रतीसह दाखवायचे.

पुरावा कोठे असतो

लिहून झालेला निबंध कोणी लिहिला हे सांगत नाही. लिहिण्याची वाट मात्र मागे खुणा ठेवते. तिच्याकडे अशा तीन खुणा निघाल्या.

पहिली गुगल डॉक्समध्ये. ती तेथे लिहीत होती, त्यामुळे तिच्या नकळत प्रत्येक टप्पा जतन झाला होता. संगणकावर ती फाइल उघडून `File`, मग `Version history`, मग `See version history` असे गेले की उजवीकडे तारीखवार यादी येते. कोणत्या दिवशी काय वाढले, काय खोडले, ते रंगात दिसते. स्वतः लिहिलेल्या निबंधात मजकूर तुटकतुटक वाढतो, वाक्ये खोडली जातात, परिच्छेद वर-खाली होतात. चिकटवलेल्या निबंधात सातशे-आठशे शब्द एका क्षणात येऊन बसतात. तिच्या यादीत सहा दिवसांचे टप्पे आहेत. येथे एक काळजी घ्यायची. गुगल जुने टप्पे कधीकधी एकत्र करून टाकते, म्हणून आजच प्रत्येक टप्प्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे. फाइल नुसती बघायला दिली तर समोरच्याला ही यादी दिसत नाही आणि बदल करण्याची परवानगी देणे धोक्याचे. म्हणून समितीसमोर स्वतः उघडून दाखवायची तयारी दाखवायची. आरोप झाल्यानंतर त्या फाइलमध्ये एक स्वल्पविरामही बदलायचा नाही.

दुसरी खूण तिच्या वहीत. २२ घरांची हंड्यांची यादी तिने उर्दूत लिहिली आहे, घरमालकांच्या आडनावांसह. तिसरी खूण आम्हाला सगळ्यात मोलाची वाटली, कारण ती एक चूक आहे. तिसऱ्या दिवशीच्या मसुद्यात तिने सरासरी ९.२ हंडे लिहिली होती. पाचव्या दिवशी ती ९ केली. आम्ही विचारले, का? तिने वही पाहून सांगितले की कोपऱ्यावरचे १४ हंड्यांचे घर चुकून दोनदा मोजले गेले होते. २३ नोंदींची बेरीज २१२ आणि सरासरी ९.२ होती. एक नोंद काढल्यावर २२ घरांची बेरीज १९८ आणि सरासरी बरोबर ९ आली. वहीत ती नोंद खोडलेली आहे आणि फाइलच्या टप्प्यांतही आकडा त्याच दिवशी बदललेला दिसतो. दोन वेगवेगळ्या जागी उमटलेली ही एकच दुरुस्ती तिच्या बाजूने बोलते.

तरी या खुणांची मर्यादाही सांगतो. एखादा दुसऱ्या मोबाइलवर यंत्राचा निबंध उघडून तो सावकाश टाइप करू शकतो. वहीतले आकडे यंत्राला देऊन निबंध लिहून घेता येतो. म्हणून एकेक खूण पूर्ण पुरावा नाही. तिन्ही खुणा एकमेकींशी जुळणे आणि त्यांच्या जोडीला तोंडी परीक्षा, यांनी बाजू भक्कम होते. दहा मिनिटे निबंध बाजूला ठेवून विचारावे : हा निष्कर्ष कशावरून काढलास, हा शब्द का वापरलास, सरासरी का बदलली? ज्याने लिहिले त्याला हे सांगता येते. इंग्रजी बोलताना मुलगी अडखळत असेल तर उत्तर मराठीत देण्याची परवानगी आधीच मागायची. परीक्षा निबंध कोणाचा याची आहे, इंग्रजी बोलण्याची नव्हे.

पत्र असे जावे

साडेतीन पानांचे दीड पान झाले. तिने पाठवायचे पत्र येथे देतो. गरज पडेल त्या घराने आपापल्या तपशिलांसह वापरावे.

‘मा. विभागप्रमुख, भूगोल विभाग.

विषय : अंतर्गत मूल्यमापनातील निबंधाला दिलेल्या शून्य गुणांबाबत फेरविचाराची विनंती.

महोदय, मी द्वितीय वर्ष बी.ए.ची विद्यार्थिनी आहे. माझा निबंध एआयने लिहिल्याचे एका वेबसाइटच्या ८४ टक्के या आकड्यावरून ठरवून मला शून्य गुण देण्यात आले. हा आरोप मला मान्य नाही. निबंध मी स्वतः लिहिला आहे.

निबंध लिहिताना मी कीबोर्डमधील स्पेलिंग दुरुस्ती वापरली आणि काही उर्दू शब्दांचे इंग्रजी अर्थ गुगल ट्रान्सलेटवर पाहिले. वाक्ये किंवा परिच्छेद कोणत्याही साधनाकडून तयार करून घेतलेले नाहीत. निबंधाच्या सूचनेत अशा मदतीला मनाई नव्हती. सूचनेची प्रत जोडली आहे.

सोबत : (१) सहा दिवसांच्या लिखाणाच्या टप्प्यांचे स्क्रीनशॉट, (२) २२ घरांच्या पाहणीच्या वहीची छायाप्रत, (३) सरासरी ९.२ वरून ९ कशी झाली याचा खुलासा. मूळ फाइल व वही मी समक्ष दाखवीन.

डिटेक्टरचा आकडा हा शब्दरचनेवरून केलेला अंदाज आहे. परक्या भाषेत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत असे अंदाज मोठ्या प्रमाणात चुकल्याचे संशोधनातून दिसले आहे. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले आहे.

माझ्या विनंत्या : (अ) संबंधित अहवालाची प्रत व वेबसाइटचे नाव मला मिळावे. (आ) कॉलेजच्या कोणत्या नियमाखाली शून्य गुण दिले ते लेखी कळवावे. (इ) माझी तोंडी परीक्षा घ्यावी आणि मराठीत उत्तर देण्याची मुभा असावी. (ई) निर्णय होईपर्यंत हे गुण विद्यापीठाला पाठवू नयेत.

सात दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. आपली विश्वासू...’

पत्र दोन प्रतींत न्यायचे आणि आपल्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. शिपाई म्हणाला, ‘ठेवून जा, देतो,’ तरी पोच घेतल्याशिवाय परतायचे नाही. पोच मिळाली नाही तर तेच पत्र कॉलेजच्या ई-मेलवर पाठवायचे. चार विनंत्यांतली शेवटची विसरायची नाही, कारण गुण एकदा विद्यापीठाच्या यादीत गेले की दुरुस्तीला महिने लागतात.

विभागप्रमुखांनी दाद दिली नाही तर पुढची पायरी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. मूल्यमापनातील अपारदर्शक किंवा अन्याय्य पद्धत हे तक्रारीचे कारण त्या नियमांत स्पष्ट दिलेले आहे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तोही मान्य नसेल तर निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. मुदत चुकू नये म्हणून प्रत्येक कागदाची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवावी.

आमच्या शिक्षक बंधू-भगिनींनाही दोन शब्द. यंत्राकडून लिहून आणणारी मुले आहेत आणि त्यांना ओळखणे अवघड झाले आहे, हे आम्ही रोज वर्गात पाहतो. पण संशय आला तर आधी मुलाला समोर बसवून त्याच्याच निबंधावर चार प्रश्न विचारावेत. निबंध देतानाच सांगावे की कच्चा मसुदा आणि टिपणे सोबत जोडा आणि कोणती मदत चालेल, कोणती नाही. यात आपलीही सोय आहे. नंतर वाद झालाच तर वेबसाइटच्या आकड्यापेक्षा मसुदा आपल्या हाती अधिक असतो.

पत्र गेल्या आठवड्यात कॉलेजात दिले गेले आहे, शिक्क्यासह. उत्तर अजून यायचे आहे. तोवर ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारे मूल आहे त्यांनी एवढे जरूर करावे. गुणपत्रिका हातात येईपर्यंत त्याच्या कच्च्या वह्या रद्दीत देऊ नयेत.